थायरॉईड आटोक्यात आला, डोळे मात्र बिघडत गेले: पारोळ्याकडच्या एका जिनिंग कामगाराचं प्रकरण

थायरॉईड वाढलेल्या माणसाला डॉक्टर पहिल्याच भेटीत बिडी-सिगारेट सोडायला सांगतात, आणि बहुतेकांना तो नेहमीचा उपदेश वाटतो. छातीचा डॉक्टर सांगतो, दातांचा सांगतो, तसा हाही सांगतो. पण ग्रेव्हज नावाच्या थायरॉईडच्या आजारात या सूचनेमागे फार नेमकं कारण असतं, आणि ते कारण गळ्यात नसतं, डोळ्यांत असतं. ते नीट दिसावं म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडतो. रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही. जळगाव-धुळ्याकडे असे रुग्ण ज्या क्रमाने येतात, त्यावरून हे चित्र बेतलं आहे. घरी सगळे त्याला जिभाऊ म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

जिभाऊ ४६ वर्षांचा. गाव पारोळ्याजवळ, थोडी कोरडवाहू कपाशी, आणि दिवाळीनंतर हंगामात जिनिंगमध्ये काम. विशीपासून बिडी. रोज एक बंडल, कापूस भरात असला आणि रात्रपाळी लागली की त्याहून जास्त. पोळ्याच्या सुमारास त्याचं वजन उतरायला लागलं. भूक चांगली, किंबहुना जास्तच, तरी तीन महिन्यांत ७२ किलोचा माणूस ६३ वर आला. छातीत धडधड, हाताला थरथर, थंडीतही घाम. बिडी ओढणारा माणूस वाळत चालला की आपल्याकडे सगळ्यांच्या मनात आधी टीबी येतो, आणि ते चूकही नाही. थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, दोन्ही स्वच्छ निघाले. दरम्यान डोळे लाल व्हायला लागले होते, पाणी गळायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. कापूस वेचताना धुळीचा फुफाटा उडतोच, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. मेडिकलवरून डोळे आल्यावर घालतात ते थेंब आणले, बाटली संपली, लाली गेली नाही.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी होती, आणि ती शेवटी त्याच्या बहिणीने पाहिली. भाऊबीजेला ओवाळताना ती म्हणाली, "दादा, तू असा घाबरल्यासारखा का बघतोस?" वरची पापणी वर ओढली गेली होती, इतकी की बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसत होता. धुळीने किंवा संसर्गाने डोळे लाल होतात, चिकटतात, पण पापणी अशी वर चढत नाही. लाल डोळा, वर ओढलेली पापणी आणि खाऊनही उतरणारं वजन, हे तीन एकत्र दिसले की रक्ताची थायरॉईड तपासणी करायलाच हवी.

ती झाली. थायरॉईडला चालना देणारं टीएसएच हार्मोन ०.०१ पेक्षाही कमी, आणि थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, फ्री टी-फोर, ४.६, म्हणजे प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या अडीचपट. टीएसएच रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी तपासल्या, त्या १४ निघाल्या. त्या पद्धतीत पावणेदोनच्या वरचा आकडा म्हणजे आजार आहे असं धरतात. निदान ग्रेव्हजचं. पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी करून कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम रोज सुरू केलं. ताप येऊन घसा धरला तर गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे बायकोलाही समजावून सांगितलं, कारण या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल द्यायचं होतं, पण बिडीवाल्याच्या छातीत शिट्टी वाजत असेल तर ते औषध दमा भडकवू शकतं. म्हणून छाती नीट ऐकून, शिट्टी नाही याची खात्री करून मगच दिलं.

त्या दिवशी बिडीबद्दलही सांगितलं गेलं होतं. जिभाऊने मान हलवली. बाहेर पडल्यावर तो बायकोला जे म्हणाला ते तिने पुढच्या भेटीत हसत हसत सांगितलं: "बिडी त मी पेस, डोया थोडाच पेतस!" खरं तर हा प्रश्न रास्त आहे. धूर फुफ्फुसात जातो, आजार गळ्यातल्या ग्रंथीचा, मग डोळ्याचा काय संबंध?

आठ आठवड्यांनी तो आला तेव्हा खुशीत होता. फ्री टी-फोर नॉर्मल, वजन ६७, हात स्थिर, झोप लागत होती. टीएसएच अजून तळाशीच होतं, पण ते महिनोन् महिने तसंच राहतं, त्यावरून या टप्प्यावर काही ठरवायचं नसतं. गोळी १५ मिलिग्रॅमवर आणली. मग बायको म्हणाली, डोळ्यांचं मात्र काही खरं नाही. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. रात्री झोपेत डोळे अर्धवट उघडे राहतात. आणि आठवड्यापासून जिनिंगच्या छताकडे पाहिलं की एका पत्र्याचे दोन पत्रे दिसतात. रात्री मोटारसायकलवर समोरून येणाऱ्या एका गाडीचे चार दिवे. दोन्ही एक व्हावेत म्हणून तो हनुवटी वर करून बघायला लागला होता.

घरच्यांचा निष्कर्ष असा की गोळीनेच डोळे बिघडले. कारण गोळी सुरू झाली आणि त्यानंतर डोळे वाढले. हा समज फार ठिकाणी भेटतो आणि त्यातून लोक गोळी बंद करतात, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. ग्रेव्हजमध्ये शरीर अशा अँटीबॉडी तयार करतं ज्या थायरॉईडच्या पेशींवरचं टीएसएचचं बटण सतत दाबून धरतात. तसंच बटण डोळ्याच्या मागे, स्नायूंभोवती आणि चरबीत असलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींवरही असतं. गळ्यात ते दाबलं गेलं की हार्मोन वाढतो. डोळ्यामागे दाबलं गेलं की या पेशी हायल्युरोनिक आम्ल बनवतात, ते पाणी ओढून धरतं, स्नायू फुगतात, काही पेशींची चरबी होते. डोळ्याची खोबण चारी बाजूंनी हाडाची. फुगलेल्या भागाला जागा फक्त पुढे, म्हणून डोळा पुढे येतो. कार्बिमाझोल थायरॉईडमधलं हार्मोन बनणं थांबवतं. डोळ्यामागे जे चाललंय ते त्याने थेट थांबत नाही. म्हणजे एकाच आजाराच्या या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि एकीवर सुधारणा होत असताना दुसरीवर बिघाड चालू राहू शकतो. तरीही हार्मोन नॉर्मल ठेवावाच लागतो, कारण तो फार वर गेला किंवा गोळी जास्त होऊन फार खाली गेला, तर दोन्हीकडून डोळ्यांना त्रास वाढतो. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त.

आता बिडीचा संबंध. धुरातले जहाल घटक आणि कार्बन मोनॉक्साईड रक्तातून त्या खोबणीपर्यंत पोहोचतातच. फुगलेल्या, आवळलेल्या ऊतींना आधीच प्राणवायू कमी मिळत असतो, धुराने तो आणखी घटतो, आणि प्राणवायू कमी पडला की या फायब्रोब्लास्ट जास्त चेकाळतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर सिगारेटच्या धुराचा अर्क घातला तेव्हा त्यांनी जास्त हायल्युरोनिक आम्ल बनवलं आणि जास्त चरबी साठवली. म्हणजे जिभाऊच्या प्रश्नाचं उत्तर असं की बिडी तोच ओढतो, पण तिचा धूर डोळ्यामागच्या पेशींपर्यंत जातो.

हे फक्त प्रयोगशाळेत राहिलेलं नाही. जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेव्हजच्या रुग्णांत दुहेरी दिसण्याचा आणि डोळा पुढे येण्याचा धोका रोजच्या सिगारेटच्या आकड्याबरोबर पायरीपायरीने चढताना दिसला: रोज १० पर्यंत ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या पावणेदोन ते दोनपट, ११ ते २० मध्ये जवळजवळ चौपट, २० च्या वर सातपट. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त कामाचा वाटतो. ज्यांनी सोडली होती त्यांच्यात, आधी भरपूर ओढलेली असली तरी, हा धोका फारसा उरलेला नव्हता. डोळ्याच्या बाबतीत आयुष्यभरात किती ओढली यापेक्षा आता किती ओढतो याला वजन आहे. "पंचवीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग" हे कर्करोगाबद्दलही पूर्ण खरं नाही, आणि इथे तर अजिबात नाही.

हे अभ्यास सिगारेटवरचे आहेत. बिडीत तंबाखू कमी असते, म्हणून ती सौम्य, असा आपल्याकडे समज आहे. पण सातपुड्यातून येणाऱ्या त्या तेंदूच्या पानातून हवा आत झिरपत नाही, आणि बिडी विझू नये म्हणून ती पुन्हापुन्हा, जोरात ओढावी लागते. तिचा कार्बन मोनॉक्साईड आणि निकोटीन सिगारेटपेक्षा कमी नाही. ती वेगळी मोजायला मी तयार नाही.

त्या दिवशी जिभाऊला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे दोन प्रश्नांची उत्तरं हवी होती आणि ते दोन्ही वेगळे आहेत. पहिला: दाह आत्ता चालू आहे का? यासाठी सात खुणा मोजतात. डोळ्यामागे आपोआप दुखणं, डोळा हलवताना दुखणं, पापण्यांची लाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्यावरच्या पडद्याला पाणी भरणं, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल भागाची सूज. तीन किंवा अधिक म्हणजे आजार जिवंत आहे. जिभाऊच्या पाच होत्या. दुसरा प्रश्न: नजरेला धोका आहे का? डोळ्यामागे दाटी इतकी झाली की नजरेची नस चेपली जाते, आणि मग तासांचा-दिवसांचा हिशोब असतो. दोन्ही डोळ्यांची नजर चांगली होती, रंगांचे तक्ते बरोबर वाचले, बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया सारखी होती, बुबुळावर जखम नव्हती. डोळा किती पुढे आला हे मोजणाऱ्या उपकरणावर उजवा २३ मिलिमीटर, डावा २१. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याखालचा आणि नाकाकडचा स्नायू जाड, त्यांचे कंडरे मात्र बारीक. ही या आजाराची ओळखच आहे. खालचा स्नायू आखडला की डोळा वर जाऊ शकत नाही, म्हणून छताकडे पाहिल्यावरच दोन दिसत होते. निष्कर्ष: मध्यम ते तीव्र, चालू दाह, नजर सुरक्षित.

नस चेपली असती तर हे सगळं वेगळ्या गतीने झालं असतं. घरी याची खूण ओळखता येते, म्हणून सांगतो. एक डोळा झाकून लाल वस्तूकडे बघायचं, मग दुसरा झाकून. एका डोळ्याला लाल रंग फिका, मळकट दिसला, किंवा नजर धूसर झाली आणि डोळे मिचकावूनही ती स्वच्छ होत नाही, तर भेटीची तारीख बघत बसायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. डोळा मिटत नाही, खूप दुखतोय आणि बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, तरीही तसंच.

दरम्यान सुरतेला असलेल्या मेव्हण्याने फोनवर सल्ला दिला होता: एक आयोडीनचा डोस घेतला की थायरॉईड कायमचा संपतो, गोळ्यांची कटकट कशाला. रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉईडची ग्रंथी नष्ट करणारं किरणोत्सारी आयोडीन, हा चांगला उपचार आहे आणि अनेकांना तो शोभतो. पण ग्रंथी फुटते तेव्हा तिच्यातला माल रक्तात येतो, अँटीबॉडी काही महिने उसळतात, आणि डोळे बिघडू शकतात. इटलीत पिसा इथल्या गटाने १९९८ मध्ये डोळ्याचा सौम्य त्रास असलेल्यांचा असा हिशोब मांडला होता: रेडिओआयोडीननंतर धूम्रपान न करणाऱ्या ६८ पैकी ४ जणांचे डोळे बिघडले, करणाऱ्या ८२ पैकी १९ जणांचे. ज्यांचे डोळे सौम्य आहेत त्यांना तोंडाने स्टेरॉइड देऊन हा धोका बराच कमी करता येतो. पण मध्यम ते तीव्र, चालू दाह आणि रोज एक बंडल, अशा माणसाला आयोडीन देण्याचं धाडस करू नये. म्हणून जिभाऊच्या बाबतीत कार्बिमाझोलच चालू ठेवायचं ठरलं. मेव्हण्याला दोष नाही, त्याच्या ओळखीतल्या माणसाला डोळ्यांचा त्रास नसणार.

मग डोळ्यांचा उपचार. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आठवड्यातून एकदा, पहिले सहा आठवडे अर्धा ग्रॅम आणि पुढचे सहा पाव ग्रॅम, एकूण साडेचार ग्रॅम. त्याआधी कावीळ बी आणि सी, यकृत, साखर, रक्तदाब, ईसीजी आणि टीबीची पुन्हा शंका-निरसन. आपल्या भागात ही शेवटची पायरी वगळायची नाही, कारण स्टेरॉइडखाली दडलेला टीबी उठतो.

इथे त्याच पिसा गटाचा दुसरा आकडा कामी येतो, आणि माझ्या मते "आधी तंबाखू सोडा" या आग्रहाचं हेच सर्वांत ठोस कारण आहे. स्टेरॉइड आणि डोळ्यांना रेडिएशन असा एकत्र उपचार दिल्यावर धूम्रपान न करणाऱ्या ६५ पैकी ६१ जण सुधारले. करणाऱ्या ८५ पैकी मात्र ५८ सुधारले. म्हणजे तेच औषध, तेवढाच खर्च, तेच दुष्परिणाम, आणि ओढणाऱ्यांत सुमारे तिसरा हिस्सा माणसांना फायदा नाही. बारा वेळा पारोळ्याहून जळगावला यायचं, रोजगार बुडवायचा, साखर वाढवून घ्यायची, आणि बाहेर पडल्या पडल्या गेटजवळ बिडी पेटवायची, यात दोन्ही हातांनी एकमेकांविरुद्ध काम चालतं.

मात्र "आधी" या शब्दाचा अर्थ "तोपर्यंत उपचार नाही" असा नाही. काही ठिकाणी तो शिक्षेसारखा वापरला जातो: सोडून या, मग बघू. हे मला पटत नाही. दाह चालू असण्याचा काळ साधारण वर्ष-दीड वर्षाचा असतो, त्यातले सुरुवातीचे महिने औषधाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. ते वाट बघण्यात घालवले तर नंतर स्नायूंत घट्टपणा बसतो आणि स्टेरॉइड तो सैल करू शकत नाही. नस चेपलेली असेल तर वाट बघण्याचा प्रश्नच नाही. म्हणून जिभाऊची स्टेरॉइडची पहिली बाटली जानेवारीच्या शेवटी ठरली आणि बिडी सोडायची तारीख तिच्या आदल्या दिवशीची.

त्याला विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने? "तोंड धुण्याआधी." उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर व्यसन पक्कं धरायचं, अशा माणसाला नुसत्या निर्धारावर सोडू नये. त्याला ४ मिलिग्रॅमची निकोटीनची गोळी चघळायला दिली. हार्मोन नॉर्मल झालेला होता आणि धडधड आटोक्यात होती म्हणून ती देणं सोपं गेलं. ही गोळी चुइंगमसारखी चावत सुटलं की उचकी लागते, मळमळतं, आणि लोक "झेपत नाही" म्हणून फेकून देतात. हळू चावायची, जिभेला झणझणी आली की गालात दाबून ठेवायची, झणझणी गेली की पुन्हा चावायची, असा अर्धा तास. चहा पिऊन लगेच घेतली तर ती लागूच पडत नाही, पाव तास थांबावं लागतं. जिभाऊची बिडी आणि चहा एकाच टपरीवर, एकाच वेळी चालायचे, त्यामुळे हे त्याला दोनदा सांगावं लागलं. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, सहा आठवड्यांनी कमी करत तीन महिन्यांत बंद. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला सरकारी मोफत क्रमांक, १८००-११-२३५६, त्याच्या मुलाने फोनमध्ये टाकून ठेवला आणि पहिल्या पंधरवड्यात त्यावर दोन-तीनदा बोलणं झालं.

चौथ्या दिवशी बायकोचा फोन आला. चिडतात, झोप नाही, हात थरथरतो, थायरॉईड परत वाढला वाटतं. हा गोंधळ या आजारातच होतो. तंबाखू सुटल्यावरची तलफ आणि वाढलेला थायरॉईड यांची लक्षणं बरीच सारखी दिसतात, आणि बिडी ओढल्यावर बरं वाटतं त्यामुळे माणसाला वाटतं की बिडीच थायरॉईड शांत ठेवत होती. वेगळं करायला दोन गोष्टी पुरतात. तलफ पहिल्या आठवड्यात टोकाला जाते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. आणि फ्री टी-फोर नॉर्मल असतो. रक्त तपासलं, नॉर्मल होतं. गोळी वाढवली नाही. शंकेपोटी कार्बिमाझोल वाढवलं असतं तर हार्मोन खाली जाऊन डोळ्यांना उलटा त्रास झाला असता.

वजनाचीही कल्पना आधीच दिली होती. थायरॉईड आटोक्यात आल्याने, तंबाखू सुटल्याने आणि स्टेरॉइडच्या भुकेने, असं तिन्हीकडून ते वाढतं. बारा आठवड्यांत तो ७५ वर गेला. सहाव्या आठवड्यात उपाशीपोटी साखर १३२ आली, गोड बंद केलं, शेवटच्या बाटलीनंतर ती उतरली.

बाकीची कामं साधी होती पण रोजची. दिवसा डोळ्यांत ओलाव्याचे थेंब, रात्री जेल आणि पापणीवर कागदी चिकटपट्टी, उशी उंच, बाहेर चष्मा. दोन दिसतात तोवर मोटारसायकल बंद. वाचताना एका काचेवर पट्टी.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की बिडी सुटली होती पण खिशात चुन्याची डबी आली होती. तंबाखू मळून दाढेत धरायचा. त्याचं म्हणणं, धूर तर नाही ना. डोळ्यांबद्दलचा भक्कम पुरावा धुराचाच आहे, हे मान्य करावं लागेल. चघळण्याची तंबाखू डोळ्याला तेवढीच घातक आहे असं सांगणं म्हणजे घाबरवण्यासाठी खोटं बोलणं होईल. पण डॉक्टर "तंबाखू" सोडा म्हणतात, नुसतं "बिडी" म्हणत नाहीत, त्याचं कारण व्यवहारातलं आहे: निकोटीनची सवय जिवंत ठेवली की जिनिंगच्या रात्रपाळीत पुडी संपते, आणि शेजारच्याच्या हातात बिडी असते. तोंडाचा कर्करोग तो वेगळाच. जे मिश्री लावणाऱ्या बायकांना सांगतो तेच इथेही लागू. घरात आणखी एक अडचण होती. वडील ओट्यावर नाही, आतल्या खोलीत बिडी ओढायचे. लहान मुलांना ग्रेव्हज झाला तर डोळ्यांचा त्रास कुठे जास्त दिसतो, याची युरोपात पाहणी झाली तेव्हा ज्या देशांत धूम्रपान जास्त तिथे तो जास्त दिसला. ती मुलं काही ओढत नसणार. म्हाताऱ्यांना सोडायला लावणं जमलं नाही, पण ते बाहेर बसायला तयार झाले.

एप्रिलच्या मध्यावर बाराव्या बाटलीनंतर सातपैकी दोनच खुणा उरल्या. दुखणं गेलं, लाली गेली, दोन दिसणं फक्त पार वर पाहिल्यावर. डोळा मात्र उजवा २२, डावा २१. जिभाऊचा हिरमोड झाला. स्टेरॉइड दाह विझवतं, पुढे आलेला डोळा ते फारसा मागे नेत नाही, आणि तंबाखू सोडल्यानेही तो मागे जात नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस म्हणतो, सोडून काय मिळालं? त्याला मिळालं ते न झालेल्या गोष्टींत आहे, आणि न झालेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही.

मग आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, आणि डावात बिडी फिरते. तीन दिवसांचं निमित्त झालं आणि मे महिनाभर रोज पाच-सहा चालू राहिल्या. जूनमध्ये पापण्यांची सकाळची सूज परतली, खुणा दोनच्या तीन झाल्या. हे बिडीमुळेच झालं असं एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही, स्टेरॉइड थांबल्यावर बिडी न ओढणाऱ्यांतही आजार कधीकधी डोकं वर काढतो. पण त्या वेळी हातात असलेली, फुकट आणि दुष्परिणाम नसलेली गोष्ट एकच होती. निकोटीनची गोळी पुन्हा सुरू केली, स्टेरॉइड लगेच पुन्हा दिलं नाही, महिन्याने बोलावलं. ऑगस्टमध्ये खुणा एकवर होत्या.

सध्याचा हिशोब असा. कार्बिमाझोल ५ मिलिग्रॅमवर, टीएसएच आता मोजण्याइतकं वर आलंय, अँटीबॉडी १४ वरून ६ वर. गोळी किमान वर्ष-दीड वर्ष चालेल, आणि बंद करण्याआधी अँटीबॉडी पुन्हा तपासल्या जातील. त्या चढ्या राहिल्या तर गोळी थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता जास्त, आणि धूम्रपान चालू असेल तर ती आणखी वाढते. डोळे सलग सहा महिने शांत राहिले तर शस्त्रक्रियेचा विचार, तोही त्याला दिसण्याचा किंवा मिटण्याचा त्रास असेल तर, आणि ठरलेल्या क्रमाने: आधी खोबणीची हाडं मोकळी करून डोळा मागे घेणं, मग तिरळेपणा, शेवटी पापणी. क्रम उलटला तर पुढच्या शस्त्रक्रियेने मागची बिघडते. पुढची तपासणी दिवाळीनंतर, जिनिंग सुरू होण्याच्या आधी ठेवली आहे, कारण रात्रपाळी सुरू झाल्यावर तो येत नाही.